चवदार तळं आणि आमची टाकी

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या वस्तीवरच्या विहारात वंदना झाली, की मला चार शब्द बोलायला उभं करतात. वेल्ह्याकडची आमची वस्ती, घरं तीसेक. त्यातली निम्मी वर्षभर कुलूपबंद, पण त्या दिवशी मुंबई-पुण्याची सगळी पोरं गाड्या काढून येतात. दरवर्षी मी नागपूरचंच सांगायचो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणींकडून दीक्षा घेतली, मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि दोन महिन्यांच्या आत ते गेले. पोरांना हे सगळं तोंडपाठ. मी बोलत असतो आणि ती मोबाईल बघत असतात.

यंदा मी नागपूर सोडलं आणि महाड धरलं. त्याला कारण होतं, पण ते मी शेवटी सांगायचं ठरवलं होतं.

महाड आम्हाला नागपूरपेक्षा कितीतरी जवळ. केळदच्या पुढं मढे घाट उतरला की खाली महाड तालुकाच. आमच्या सोयरिकी तिकडच्या, मीठ-मासळी तिकडची. आमचा भाग तेव्हा भोर संस्थानात, म्हणजे पंत सचिवांच्या राज्यात. १९२७ च्या मार्चमध्ये माझे आजोबा आणि वस्तीतले आणखी दोघं फडक्यात भाकरी बांधून रात्रीचे घाट उतरले. महाडात कुलाबा जिल्ह्याची परिषद होती.

तिथं काय झालं हे पुस्तकात आहे, पण एक गोष्ट पोरांच्या नजरेतून सुटते. चवदार तळं त्या दिवशी कागदावर बंद नव्हतंच. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. तीन वर्षं तो ठराव दप्तरात होता आणि पाण्यापर्यंत आमचा एक माणूस गेला नव्हता. २० मार्चला बाबासाहेब पुढं झाले, ओंजळ भरली, मागची माणसं तळ्यात उतरली. त्यानंतर जेवणाच्या मांडवात लोकांना काठ्या बसल्या. तळं बाटलं म्हणून त्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केलं. पुढं डिसेंबरातला सत्याग्रह कोर्टाच्या मनाईमुळं थांबवावा लागला, आणि खटल्याचा शेवटचा निकाल हायकोर्टातून १९३७ च्या मार्चमध्ये आला. ठराव ते निकाल, तेरा वर्षं.

त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांनाही सुनावलं होतं. मेलेलं ढोर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका, शिळी भाकरी मागत फिरू नका. आजोबा घाट चढून परत आले ते हे घेऊन. पाण्याचं नंतर बघू, आधी हे, असं त्यांनी वस्तीला सांगितलं.

हे सोडणं काय होतं ते आजी सांगायची. गावकीच्या कामाचं बलुतं यायचं. खळ्यावर भाताच्या पेंढ्या, नाचणीचं सूप, सणाला भाकरी. वस्तीनं ढोर ओढायचं बंद केलं आणि गावानं बलुतं बंद केलं. वाण्यानं उधारी थांबवली, लावणीला आमच्या बायांना कुणी बोलावेना. “त्या साली पेज इतकी पातळ व्हती, की त्यात त्वांड दिसायचं,” आजी म्हणायची. “दोन घरांनी दम सोडला. रातीचं जाऊन ढोर वढलं. पर आमी त्यास्नी टाकलं न्हाई. त्यांची बी पोरं भुकंली व्हती.”

आजोबा मुंबईला गोदीत गेले. वस्ती टिकली ती तिकडून येणाऱ्या मनिऑर्डरींवर.

धम्म आला तेव्हाही हिशेब तोट्याचाच होता. वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक कानंदीत सोडले आणि शाळेत आमच्या नावापुढं ‘बौद्ध’ लिहायला लावलं. १९५१ च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते अडीच हजारांच्या आत. १९६१ मध्ये ते झाले जवळजवळ २८ लाख. पण बौद्ध लिहिलं की केंद्र सरकारच्या लेखी माणूस अनुसूचित जातीत राहत नव्हता. महाराष्ट्र राज्यानं आपल्या सवलती पुढं चालू केल्या. केंद्राच्या मात्र १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. वडील चौथी शिकलेले, पण त्यांना हे कळत होतं. “नाव खोटं लिवून मिळालं, तर ते आपलं कसं?” एवढंच ते म्हणायचे.

इथपर्यंत पोरं ऐकत होती. मग मी टाकीवर आलो.

आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी आहे. ती झाली तेव्हा ठरावात लिहिलं होतं, की पाणी आमच्या वस्तीला आणि पलीकडच्या कातकरवाडीला मिळून. कातकऱ्यांची धडधाकट माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. मागं राहतात म्हाताऱ्या आणि बारकी पोरं. मार्चपासून टाकीचं पाणी कमी होतं. मग आमच्या बाया आधी भरतात आणि त्या म्हाताऱ्या हंडे घेऊन बांधावर बसून राहतात. उरलं तर त्यांना. नळाला त्यांनी हात लावायचा नाही, आमच्यातलंच कुणीतरी वरून ओतायचं. नळ मोडतो, असं कारण सांगतात. टाकीच्या खोलीची किल्ली गेली दोन वर्षं माझ्या घरच्या खुंटीला आहे. मी रोज सकाळी त्या बांधावरून फिरायला जातो. दोन उन्हाळे मी हे बघितलं आणि तोंडातून शब्द काढला नाही.

“आजोबा कशासाठी घाट उतरले होते?” मी विचारलं. “ठराव तर तेव्हाही होता.”

विहारात कुणी हललं नाही. मग पुण्याला नोकरी करणारा एक जण उठला. “बापू, आपण त्यांना शिवत नाही असं नाही. पाणीच कमी आहे. वाटायचं कसं?”

प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर भाषणानं मिळणार नव्हतं. बायाच बोलायला लागल्या. एक म्हणाली, आधी आपली लहान पोरं बघायची की दुसऱ्याची? दुसरी म्हणाली, त्यांची पोरं काय मोठी आहेत? तासभर भांडण झालं, खीर निवून गेली. शेवटी ठरलं ते एवढं: मार्चपासून घरटी हंडे मोजून, दोन्हीकडं सारखे, जो आधी येईल त्याचा नंबर आधी, नळ ज्याचा त्यानं सोडायचा, आणि किल्ली एक महिना आमच्याकडं, एक महिना वाडीवर. दोन घरांनी मान डोलावली नाही. त्यांना आम्ही काही म्हणालो नाही. आजीची ती दोन घरं मला आठवत होती.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेऊन नातीबरोबर वाडीवर गेलो. एका म्हातारीनं ती हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि विचारलं, “मंग आमी भट्टीवर गेल्याव हिला कोण संबाळंल?”

नात म्हणाली, “तुम्ही इथंच असता ना, आजी.”

म्हातारी हसली. किल्ली तिनं लुगड्याच्या पदराला गाठ मारून ठेवली. ठराव झाला आहे. पाणी कसं भरलं जातं, ते मार्चात बघायचं.