षटकार, प्रेक्षक आणि संमतीचा बचाव

अपकृत्याच्या दाव्यात प्रतिवादीला उपलब्ध असलेल्या बचावांपैकी ‘व्होलेंटी नॉन फिट इंजुरिया’ हा एक जुना बचाव आहे. या लॅटिन सूत्राचा आशय असा की, ज्याने स्वेच्छेने धोका पत्करला, त्याला त्या धोक्यातून झालेल्या हानीबद्दल भरपाई मागता येत नाही. भारतात अपकृत्यांची संहिता नसल्याने याची व्याप्ती न्यायनिर्णयांतूनच ठरत आली आहे.

हुबळी-कारवार मार्गावरील कलघटगी येथे एखादा क्रिकेट सामना चालू आहे, अशी कल्पना करावी. सीमारेषेलगत बसलेल्या प्रौढ प्रेक्षकाच्या डोळ्यावर षटकाराचा चेंडू आदळला. फलंदाज नियमांनुसार खेळत होता आणि आयोजकांनी वाजवी काळजी घेतली होती. अशा वेळी दावा टिकणे कठीण. चेंडू प्रेक्षकांत येऊ शकतो हे त्याला ठाऊक होते आणि तरीही तो तेथे बसला. तिकीट घेतले की नाही, हा प्रश्न येथे गौण ठरतो. संमती वर्तनातूनही व्यक्त होते.

मात्र बाद झाल्याच्या रागात फलंदाजाने बॅट भिरकावली आणि ती त्याच प्रेक्षकाला लागली, तर चित्र पालटते. त्याची संमती खेळाला होती, संतापाला नव्हे. प्रेक्षकांसाठी उभारलेला कच्चा मंडप कोसळला, तरी आयोजकांना या सूत्राचा आधार मिळणार नाही. निष्काळजीपणाला कोणी संमती देत नसतो.

मैदानाबाहेरील पादचाऱ्याने तर कशालाच संमती दिलेली नसते. तरीही त्याचा दावा यशस्वी होईलच असे नाही. इंग्लंडमधील ‘बोल्टन विरुद्ध स्टोन’ या खटल्यात मैदानाबाहेरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या महिलेला चेंडू लागला होता. त्या मैदानावरून सुमारे 30 वर्षांत चेंडू बाहेर गेल्याचे प्रसंग सहाच्या आसपास होते. 1951 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने दावा फेटाळला, परंतु तो संमतीच्या आधारे नव्हे. धोका इतका अल्प होता की अधिक उपाय न योजणे हा निष्काळजीपणा ठरला नाही.

धोका माहीत असणे म्हणजे तो पत्करणे नव्हे, हे 1891 च्या ‘स्मिथ विरुद्ध बेकर’ या निर्णयाने स्पष्ट केले. डोक्यावरून क्रेनने दगड नेले जातात हे कामगाराला माहीत होते. तरी मालकाचा संमतीचा बचाव अमान्य झाला.

कर्नाटक उच्च न्यायालयाचा 1975 चा ‘पद्मावती विरुद्ध दुग्गनाईक’ हा निर्णय या संदर्भात नेहमी उद्धृत होतो. पेट्रोल भरण्यासाठी निघालेल्या जीपमध्ये दोन अनोळखी व्यक्ती बसल्या. पुढच्या चाकाचा बोल्ट निसटून जीप उलटली व त्यांतील एकाचा मृत्यू झाला. हा निव्वळ अपघात होता आणि ते स्वेच्छेने बसले होते, या दोन्ही कारणांनी चालक व मालक यांना जबाबदार धरले गेले नाही. यांपैकी पहिले कारण अधिक भक्कम आहे. जीपमध्ये बसणाऱ्याला सैल बोल्टची कल्पना नसते, आणि अज्ञात धोक्याला संमती दिली असे म्हणणे अवघड आहे.