दुक्ख: वैद्याच्या लेण्यापासून सारनाथपर्यंत

रोह्याहून तळ्याकडे गेलं की मांदाडच्या खाडीवर कुड्याची लेणी आहेत. डोंगरात कोरलेली ही सव्वीस लेणी पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या भिक्खूंसाठी होती. तिथल्या ब्राह्मी लेखांत दात्यांची नावं आहेत. त्यांतला एक दाता वैद्य आहे. सोमदेव हे त्याचं नाव आणि ऋषिरक्षित या वैद्याचा तो मुलगा. आपल्या मुलामुलींसह त्याने लेणं दान दिलं. बुद्धाच्या पहिल्या प्रवचनातलं ‘दुक्ख’ समजून घ्यायला मला हा वैद्य फार जवळचा वाटतो. पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्गा’त चार सत्यं मांडताना रोग, रोगाचं कारण, रोग बरा होणं आणि औषध हाच क्रम लावला आहे.

आता शब्दाचं कूळ पाहू. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचं विशेषण म्हणून येतं. तिथे ‘ख’ म्हणजे चाकाच्या तुंब्यातलं भोक, ज्यात आस बसतो. भोक नीट पडलेलं असलं की रथ सुरळीत धावतो. दुःख त्याच्या उलट, अशी व्युत्पत्ती नेहमी सांगतात. मोनिअर-विल्यम्सच्या कोशात मात्र वेगळी शक्यता दिली आहे. ‘दुःस्थ’, म्हणजे वाईट अवस्थेत असलेलं, याचं प्राकृत वळण होऊन ‘दुःख’ बनलं असावं. बुद्धघोष तिसरंच सांगतो: ‘दु’ म्हणजे कुत्सित आणि ‘ख’ म्हणजे पोकळ. तिन्ही वाटा निरनिराळ्या असल्या तरी एकीतही रडणं किंवा शोक नाही. बिघाड, अस्थिरता, पोकळपणा एवढंच त्यांत आहे.

आषाढी पौर्णिमेला इसिपतनात, म्हणजे आजच्या सारनाथला, कोंडञ्ञ आणि त्याच्या चार सोबत्यांपुढे बुद्धाने जी यादी सांगितली ती ओळखीच्या गोष्टींपासून सुरू होते. जन्म, म्हातारपण, मरण, नकोशा गोष्टींशी गाठ, हव्याशा गोष्टींची ताटातूट, हवं ते न मिळणं. इथपर्यंत इंग्रजीतला ‘सफरिंग’ चालून जातो. ऱ्हीस डेव्हिड्सने १८८१ साली तोच वापरला. पण यादीचं शेवटचं कलम थोडक्यात सांगतं की पाच उपादानस्कंध हेच दुक्ख. शरीर, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान, म्हणजे ‘मी’ म्हणून आपण जे घट्ट धरतो ते सगळं. निरोगी शरीर आणि आनंदाची संवेदनाही त्यात आली. तिला यातना कसं म्हणणार? ‘सफरिंग’ तिथे अपुरा पडतो.

याचा उलगडा संयुत्तनिकायात आहे. जंबुखादक नावाचा परिव्राजक सारिपुत्ताला सरळ विचारतो, दुक्ख म्हणजे काय? सारिपुत्त तीन प्रकार सांगतो. पहिलं दुक्खदुक्ख: ठणका, ताप, शोक. दुसरं विपरिणामदुक्ख, म्हणजे पालटण्यातलं. पेणच्या कारखान्यातून घरी आणलेल्या गणपतीचे दिवस उत्साहाचे असतात आणि तो उत्साह खराच असतो. पण विसर्जनाची तारीख मूर्ती आणतानाच ठरलेली असते आणि रिकाम्या मखराकडे बघून मन हुरहुरतं. सुख खोटं होतं म्हणून नव्हे, ते टिकणारं नव्हतं म्हणून. तिसरं संखारदुक्ख. जे कारणांनी घडलं आहे ते त्या कारणांवरच तगून राहतं आणि त्याच्यावर आपला ताबा नसतो. हे जाणवतही नाही, म्हणून सर्वांत खोल.

मराठीत अडचण आणखी बारीक आहे. आपल्याकडे शब्द तोच असल्यामुळे भाषांतराची गरजच वाटत नाही आणि आपण ‘दुःख’ म्हणून मनाचा शोक तेवढा घेतो. एरवी गुडघा ‘दुखतो’, माणूस ‘दुखणाईत’ होतो, ‘दुखणं’ काढतो. ही बोली पालीच्या अधिक जवळ आहे. तरीही ती पहिल्या प्रकारापाशीच थांबते.

शोकापुरता अर्थ घेतला की पुढचं सगळं चुकतं. ‘सगळं आयुष्य दुःखमय’ असं वाक्य बुद्धाच्या तोंडी घातलं जातं आणि धम्माला निराशावादी ठरवलं जातं. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत हीच शंका उघडपणे मांडली होती. या सत्यांमुळे माणसाला आशाच उरत नसेल, तर ती मूळ शिकवण मानायची का, असा त्यांचा सवाल होता. प्रवचनात प्रत्येक सत्याबरोबर एक काम सांगितलं आहे, तिकडे लक्ष दिलं तर निराशावादाचा आरोप टिकत नाही. तृष्णा सोडायची, निरोध अनुभवायचा, मार्ग वाढवायचा. आणि दुक्खाचं काय करायचं? ते पुरतं जाणायचं, ‘परिञ्ञेय्य’. वैद्यही आधी निदानच करतो. वालपोल राहुलांनी १९५९ च्या पुस्तकात ‘दुक्ख’ हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला, तो ‘सफरिंग’ अपुरा पडतो म्हणूनच. मराठीतही धम्माबद्दल लिहिताना ‘दुक्ख’ हे पालीतलं रूप तसंच ठेवावं आणि पहिल्यांदा येईल तिथे तीन प्रकार सांगून टाकावेत.