माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची कुळकथा

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सोनेरी, पारदर्शक कॅप्सूलचं मूळ ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या उम्मानाकमध्ये आहे. हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न ड्युअरबर्ग हे दोन डॅनिश डॉक्टर 1970 साली तिथं गेले आणि 130 इनुइट लोकांच्या रक्ताचे नमुने घेऊन आले. सील आणि देवमाशाची चरबी रोज खाणाऱ्या या लोकांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी डेन्मार्कमधल्या लोकांपेक्षा बरीच कमी निघाली. याचं श्रेय पुढे समुद्री चरबीतल्या ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-3 आम्लांकडे गेलं.

या दोघांनी मोजली होती ती रक्तातली चरबी. इनुइटांना हृदयविकार क्वचितच होतो, हा भाग त्यांनी सरकारी नोंदींवरून धरला होता. दुर्गम वस्त्यांतल्या त्या नोंदी अपुऱ्या होत्या. तरीही मोजलेली गोष्ट आणि मानलेली गोष्ट एकत्र बांधली गेली, आणि ‘हृदयाचं रक्षण करणारं तेल’ जन्माला आलं.

सुरुवातीला पुरावाही साथ देत होता. इटलीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 11,324 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1999 मध्ये आले. रोज साधारण एक ग्रॅम ओमेगा-3 घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले होते. मात्र त्या चाचणीत तुलनेसाठी खोटी गोळी नव्हती, आणि स्टॅटिन घेणारे रुग्ण सुरुवातीला फारच थोडे होते.

पुढच्या चाचण्यांनी ही उणीव भरून काढली. 2018 मध्ये दोन मोठे निकाल आले. ब्रिटनमध्ये 15,480 मधुमेही आणि अमेरिकेत 25,871 मध्यमवयीन व वृद्ध माणसं. दोन्हीकडे मात्रा रोज एका ग्रॅमची, आणि तुलनेसाठी बिनऔषधी कॅप्सूल. झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकत्रित आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्याला हृदयविकार नाही, त्याने तो टाळण्यासाठी रोज एक कॅप्सूल घ्यावी, याला आज आधार नाही.

ग्रीनलंडमध्ये खरोखर मोजलेली गोष्ट मात्र टिकली. ओमेगा-3 भरपूर मात्रेत घेतलं, तर यकृत ट्रायग्लिसराइड कमी बनवतं आणि रक्तात आलेलं लवकर हटतं. ट्रायग्लिसराइड 500 च्या वर गेलं, विशेषतः हजारापलीकडे, की स्वादुपिंडाला अचानक सूज येण्याचा धोका असतो, आणि ती सूज जिवावर बेतू शकते. अशाच रुग्णांसाठी शुद्ध केलेलं तेल अमेरिकेत 2004 मध्ये औषध म्हणून मान्य झालं. तेलातली आम्लं इथाइल एस्टरमध्ये बदलतात, मग निर्वात ऊर्ध्वपातनासारख्या क्रियांनी नको ती आम्लं आणि अशुद्धी काढून टाकतात.

एक हिशेब करून पाहू. एखाद्याचं ट्रायग्लिसराइड 900 आहे. नेहमीच्या हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे कामाचा ऐवज 300 मिलिग्रॅम. बाकी इतर तेल. औषधी कॅप्सूलमध्ये हाच ऐवज सुमारे 840. दिवसाला अशा चार, म्हणजे जवळजवळ 3,360 मिलिग्रॅम. साध्या कॅप्सूलने तिथं पोचायला रोज अकरा-बारा गिळाव्या लागतील. कॉड लिव्हर ऑइलने ही भरपाई करणं तर धोक्याचं, कारण त्यातलं अ जीवनसत्त्व त्या मात्रेत घातक ठरू शकतं. औषधाने तीस टक्के घट झाली, तरी 900 चे 630 होतात. म्हणून अनियंत्रित मधुमेह, दारू, मंदावलेलं थायरॉइड आणि चालू असलेली औषधं यांचा शोध आधी घ्यावा लागतो. दोन महिन्यांत पुरेसा उतार दिसला नाही, तर हे औषध थांबवतात. डीएचए असलेल्या प्रकाराने काहींचं एलडीएल वाढतं, तेही तपासावं लागतं.

निव्वळ ईपीएचं औषध 2012 मध्ये आलं, आणि त्याने हृदयाचा प्रश्न पुन्हा उघडला. हृदयविकार असलेल्या किंवा मधुमेहासोबत इतर धोके असलेल्या, स्टॅटिन घेत असूनही ट्रायग्लिसराइड चढलेल्या 8,179 रुग्णांना रोज चार ग्रॅम ईपीए किंवा खनिज तेल दिलं. सुमारे पाच वर्षांत हृदयाशी निगडित गंभीर घटना शंभरांत 22 वरून 17 वर आल्या. पण खनिज तेलाच्या गटात एलडीएल वाढलं होतं, त्यामुळे फरक थोडा फुगला असावा अशी शंका राहिली. 2020 मध्ये मक्याच्या तेलाशी तुलना करून ईपीए-डीएचएचं चार ग्रॅमचं मिश्रण 13,078 जणांवर तपासलं, तेव्हा फायदा दिसला नाही. मोठ्या मात्रेच्या दोन्ही चाचण्यांत हृदयाची लय बिघडवणारं एट्रियल फिब्रिलेशन मात्र वाढलं.

म्हणून शुद्ध ईपीए आज स्टॅटिनच्या जोडीला, निवडक धोक्याच्या रुग्णांना आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. साध्या कॅप्सूलच्या डब्यावर ‘फिश ऑइल 1000’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. पाहायचा असतो मागच्या बाजूचा ईपीए आणि डीएचएचा आकडा; आणि तो कितीही असला, तरी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाच्या जागी ही कॅप्सूल घेऊ नये.