दोन प्रथिनांचं घराणं

आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू विष्ठेवाटे बाहेर पडून ओढ्याच्या पाण्यात पोहोचला, की त्याचं सगळं जगच बदलतं. आतड्यात क्षार भरपूर, अन्न भरपूर आणि पेशीची आवरणं विरघळवू पाहणारे पित्तक्षारही भरपूर. ओढ्यात यातलं जवळजवळ काहीच नाही. दोन्हीकडे निभाव लागायचा तर या जिवाणूला आपल्या सर्वांत बाहेरच्या आवरणाची ठेवण बदलावी लागते. हे आवरण चाळणीसारखं आहे. त्याला जी भोकं असतात ती पोरिन नावाच्या प्रथिनांची, आणि एका पेशीवर अशी प्रथिनं लाखाच्या घरात असतात. त्यांतली मुख्य दोन, ओम्पएफ आणि ओम्पसी. ओम्पएफचं भोक सुमारे 1.16 नॅनोमीटर रुंद, तर ओम्पसीचं 1.08. फरक नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, पण पित्तक्षारांसारखे रेणू किती वेगाने आत शिरतील हे ठरायला तेवढा पुरतो. म्हणून आतड्यात अरुंद भोकं सोयीची आणि अन्नाची टंचाई असलेल्या पाण्यात रुंद.

1977 साली नेदरलँड्समध्ये फान आल्फेन आणि लुख्टेनबर्ख यांनी ही अदलाबदल नोंदवली. जिवाणू वाढवण्याच्या द्रवात मीठ किंवा साखर वाढवली की ओम्पएफ कमी होतं आणि ओम्पसी वाढतं. दोघांची बेरीज मात्र साधारण तेवढीच राहते.

त्या काळच्या जनुकशास्त्राला या निरीक्षणाने पेचात टाकलं. जनुकं चालू-बंद कशी होतात याचा नमुना जाकोब आणि मोनो यांनी 1961 मध्ये घालून दिला होता. लॅक्टोज ही साखर पेशीच्या आत येते, तिच्यापासून बनलेला एक रेणू जनुक अडवून धरणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, ते प्रथिन डीएनएवरून सुटतं आणि जनुक चालू होतं. इथे निरोपही तोच आणि निरोप्याही तोच. पण बाहेरच्या पाण्याचा खारेपणा हा काही आत शिरून प्रथिनाला चिकटणारा एखादा रेणू नव्हे. मीठ घातलं काय नि साखर घातली काय, परिणाम एकच. मग बाहेरची स्थिती डीएनएपर्यंत पोहोचवतं कोण?

टॉम सिल्हवी आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल हॉल यांनी हा प्रश्न हाती घेतला. एकेका पेशीतलं पोरिन मोजत बसणं जिकिरीचं, म्हणून त्यांनी पोरिनच्या जनुकाच्या चालू-बंद होण्याच्या जागेपुढे लॅक्टोज पचवणारं जनुक जोडलं. आता पोरिनला ‘चालू’ असा हुकूम मिळाला की पेशी लॅक्टोज पचवू लागे, आणि योग्य रंगद्रव्य घातलेल्या तबकडीवर तिची वसाहत रंगावरून नुसत्या डोळ्यांनी ओळखू येई. अशा हजारो वसाहतींतून ज्यांचा रंग चुकलेला दिसेल त्या उचलायच्या आणि बिघाड कुठे आहे ते शोधायचं, अशी ही पद्धत.

1981 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की बिघाडांची जी जागा तोवर एकच जनुक समजली जात होती, तिथे शेजारी शेजारी दोन जनुकं आहेत. त्यांतलं ओम्पआर मोडलं तर दोन्ही पोरिनं बंद पडतात. दुसरं एन्व्हझेड, त्यातल्या बिघाडांचे परिणाम मात्र निरनिराळे. यावरून त्यांनी तर्क केला, की एन्व्हझेडचं प्रथिन पेशीच्या आवरणात बसून बाहेरची स्थिती टिपत असावं आणि ओम्पआरला कळवत असावं. जनुकं चालू करण्याचं काम ओम्पआरचं. तर्क नेमका होता, पण ‘कळवणं’ म्हणजे रसायनाच्या भाषेत काय, हे त्यात नव्हतं. (याच हॉल यांनी पुढे बाझेलला यीस्टमध्ये टॉर हे प्रथिन शोधलं. पेशीच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचं नाव माहीत आहे ते त्यामुळे.)

त्या ‘कळवण्या’चं उत्तर आलं ते पाण्याच्या खारेपणाशी काडीचा संबंध नसलेल्या एका प्रयोगशाळेतून. एमआयटीमध्ये बोरिस मॅगासॅनिक कित्येक वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होते: अमोनिया कमी पडला की जिवाणू ग्लुटामिन तयार करणारं एन्झाइम एवढं वाढवतात कसं? त्या एन्झाइमच्या जनुकाला लागूनच आणखी दोन जनुकं होती. त्यांच्या प्रथिनांना ते एनआरवन आणि एनआरटू म्हणत; इतर प्रयोगशाळांत त्यांची नावं एनटीआरसी आणि एनटीआरबी. इथेही एक प्रथिन थेट डीएनएवर काम करणारं आणि दुसरं त्याला हाकणारं.

1986 मध्ये अलेक्झांडर निन्फा आणि मॅगासॅनिक यांनी दोन्ही प्रथिनं शुद्ध करून परीक्षानळीत एकत्र ठेवली. सोबत किरणोत्सारी फॉस्फरस असलेलं एटीपी दिलं. थोड्या वेळाने मिश्रणातली प्रथिनं जेलवर वेगळी करून फिल्म लावली, तेव्हा किरणोत्सर्गाचा पट्टा एनआरवनच्या जागी उमटला. म्हणजे एनआरटूच्या मदतीने एटीपीवरचा फॉस्फेट गट एनआरवनवर आला होता. त्याच नळीत डीएनए आणि आरएनए तयार करणारी सामग्री होती तेव्हा फॉस्फेट लागलेलं एनआरवन जनुक चालूही करत होतं. जिवंत पेशी नाही, आवरण नाही. तरी निरोप पोहोचत होता.

पुढच्या दोन वर्षांत त्यातला बारकावा उलगडला. एनआरटू एटीपीवरचा फॉस्फेट आधी स्वतःच्याच हिस्टिडिन या अमिनो आम्लावर घेतं आणि तिथून तो एनआरवनच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लावर जातो. ही गोष्ट इतकी वर्षं नजरेतून का निसटली, याचं कारण प्रयोगशाळेच्या सवयीत आहे. प्राण्यांच्या पेशींत फॉस्फेट प्रामुख्याने सेरिन, थ्रिओनिन आणि टायरोसिनवर बसतो. हे बंध आम्लात टिकतात, त्यामुळे प्रयोग थांबवायला वर आम्ल ओतणं ही तिथली रोजची रीत होती. हिस्टिडिनवरचा फॉस्फेट मात्र आम्लात सुटून जातो आणि अल्कलीत टिकतो, तर अ‍ॅस्पार्टिक आम्लावरचा अल्कलीत झपाट्याने सुटतो. रीतीप्रमाणे आम्ल ओतलं तर जे शोधायचं तेच धुऊन जाणार. उलट कोणता पट्टा आम्लात गेला आणि कोणता अल्कलीत, हे ताडून पाहिलं तर फॉस्फेट कुठे बसला होता याचा अंदाज बांधता येतो.

दरम्यान जनुकांची अक्षरं वाचणं सोपं होत चाललं होतं. 1985 मध्ये अ‍ॅन स्टॉक, डॅनियल कोशलँड आणि जेफ्री स्टॉक यांना दिसलं, की जिवाणूला अन्नाकडे पोहत नेणाऱ्या सीएचईवाय या प्रथिनाचा क्रम ओम्पआरच्या एका भागाशी जुळतो, आणि जिवाणूचे बीजाणू घडवणाऱ्या एका प्रथिनाशीही. पोहणं, खारेपणा आणि बीजाणू यांचं आपसात काय नातं? पुढच्याच वर्षी निक्सन, रॉन्सन आणि ऑसुबेल यांनी मुळांवर गाठी करणाऱ्या एका जिवाणूची एनटीआरबी आणि एनटीआरसी ही जनुकं वाचली आणि नात्यांचा उरलेला अर्धा भाग जुळवला. एनटीआरबीचं शेपूट एन्व्हझेडच्या शेपटासारखं होतं. फॉस्फेटची टंचाई ओळखणाऱ्या फोआरचं तसंच होतं, आणि झाडाच्या जखमेतून पाझरणारी रसायनं ओळखणाऱ्या व्हिराचंही. एनटीआरसीचं डोकं ओम्पआरच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या डोक्याशी जुळत होतं. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात ‘द्विघटकी’ हा शब्द होता. घराण्याला नाव मिळालं ते असं. आता एनआरटूबद्दल सिद्ध झालेली गोष्ट एन्व्हझेडकडूनही अपेक्षित होती. 1989 मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या गटांनी ती परीक्षानळीत दाखवली.

या जोडीचं काम कसं चालतं ते आकड्यांतून नीट कळतं. एका पेशीत ओम्पआरचे सुमारे 3500 रेणू असतात आणि एन्व्हझेडचे जेमतेम 100. एन्व्हझेड पेशीच्या आतल्या पटलात जोडीने बसतं. 243 व्या जागेवरच्या हिस्टिडिनवर ते फॉस्फेट घेतं, तो ओम्पआरच्या 55 व्या जागेवरच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लावर जातो आणि नंतर तोच फॉस्फेट एन्व्हझेड काढूनही घेतं. देणारा आणि घेणारा एकच. पाण्याचा खारेपणा बदलला की देण्या-घेण्याचा तोल बदलतो आणि फॉस्फेटवाल्या ओम्पआरची संख्या वर-खाली होते. बाहेरची स्थिती पेशीला समजते ती या संख्येतून.

आता एकच निरोप्या एक पोरिन वाढवतो आणि दुसरं कमी करतो ते कसं? ओम्पएफ जनुकाच्या पुढे ओम्पआर घट्ट चिकटेल अशा जागा आहेत. फॉस्फेटवाले रेणू थोडे असतानाही त्या भरतात आणि जनुक चालू होतं. पण तिथून बऱ्याच अंतरावर आणखी एक जागा आहे जिला ओम्पआर सैल चिकटतो. रेणूंची गर्दी झाली तरच ती भरते, आणि ती भरली की डीएनएला वळण पडून ओम्पएफ बंद होतं. ओम्पसीच्या पुढच्या बहुतेक जागा मुळातच सैल आहेत. गर्दी झाल्याशिवाय त्या भरत नाहीत, भरल्या की जनुक चालू. म्हणजे फॉस्फेटवाले ओम्पआर कमी असताना रुंद भोकं बनतात, वाढले की अरुंद.

काढून घेण्याचं काम थांबलं तर काय होतं, हेही ठाऊक आहे. एन्व्हझेडच्या 247 व्या जागेवरचं थ्रिओनिन जाऊन तिथे आर्जिनिन आलं, तर ते फॉस्फेट देत राहतं पण परत घेत नाही. अशा जिवाणूला साध्या पाण्यात ठेवा की खाऱ्या, त्याच्यावर ओम्पसीच दिसतं. ओम्पएफ जवळपास नाहीसं होतं. यंत्रणा बंद पडलेली नसते, एका टोकाला अडकलेली असते. दोन वेगवेगळ्या द्रवांत वाढवून पाहिल्याशिवाय हा बिघाड लक्षात येत नाही.

ई. कोलायमध्ये अशा सुमारे तीस जोड्या एकाच पेशीत नांदतात आणि सगळ्यांचं रसायन एकच. तरी फॉस्फेट सहसा चुकीच्या घरी जात नाही. 2008 मध्ये एमआयटीतल्याच मायकेल लॉब यांच्या गटाने याचं कारण दाखवलं. त्यांनी अनेक जिवाणूंतल्या जोड्यांचे क्रम शेजारी ठेवले आणि दोन प्रथिनांत बरोबरीने बदलत गेलेल्या जागा हेरल्या. एन्व्हझेडमधल्या अशा अवघ्या तीन जागांवर त्यांनी आरएसटीबी या दुसऱ्या संवेदकाची अमिनो आम्लं बसवली, तेव्हा एन्व्हझेड ओम्पआरला सोडून आरएसटीबीच्या जोडीदाराला फॉस्फेट देऊ लागलं.

मग एन्व्हझेडला खारेपणा जाणवतो तरी कुठे? त्याचा काही भाग आतल्या पटलातून बाहेर डोकावतो, तेव्हा हेच त्याचं ज्ञानेंद्रिय असं गृहीत धरणं स्वाभाविक होतं. 1989 मध्ये मासायोरी इनोये यांच्या गटाने डोकावणारा भाग पोहण्याच्या यंत्रणेतल्या टार या संवेदकाचा आणि शेपूट एन्व्हझेडचं, असं जोडप्रथिन बनवलं. द्रवात अ‍ॅस्पार्टेट घातलं की ओम्पसी चालू होऊ लागलं. त्यामुळे बाहेरचा भाग ऐकतो आणि आतला बोलतो, हे चित्र पक्कं झालं. पण 1996 मध्ये लिओनार्डो आणि फॉर्स्ट यांनी एन्व्हझेडचा डोकावणारा भाग काढून तिथे खारेपणाशी संबंध नसलेल्या प्रथिनाचा तुकडा बसवला, तरी ते प्रथिन पाण्याचा खारेपणा ओळखतच राहिलं. लिंडा केनी यांच्या गटाने 2012 मध्ये पेशीच्या आतल्या शेपटावरच बोट ठेवलं. बाहेर क्षार वाढले की पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि आतला द्रव दाट होतो. त्या दाट द्रवात 243 व्या हिस्टिडिनभोवतीचा सैल पट्टा घट्ट वळून बसतो, आणि हिस्टिडिनवर फॉस्फेट चढणं सोपं होतं.