तारेची इंग्रजी, बातमीची मराठी: कोयना भूकंपाचे उदाहरण

१/८ सोमवार, ११ डिसेंबर १९६७. पहाटे साडेचारच्या सुमारास कोयनानगर भूकंपाने हादरले. पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. घटना सातारा जिल्ह्यातली. पण त्या काळी वृत्तसंस्थांच्या टेलिप्रिंटरवर बातम्या बहुतांशी इंग्रजीत येत. महाराष्ट्रातले दुःखही मराठी वाचकापर्यंत अनेकदा इंग्रजीतून वळसा घेऊन पोहोचे.

२/८ हा वळसा सरळ करण्याचे काम उपसंपादकाचे. अशा तारेतील पहिल्या वाक्याचा शब्दशः अनुवाद केला, तर नमुना असा होई: ‘किमान शंभर माणसे ठार झाली, जेव्हा एका तीव्र भूकंपाने कोयना भागाला आज पहाटे धक्का दिला, असे अधिकृत सूत्रांनी सांगितले.’

३/८ शब्द मराठी, पण सांगाडा परका. इंग्रजीत परिणाम आधी आणि कारण मागाहून येते. मराठी सांगणारा आधी काय घडले ते सांगतो. शिवाय मराठीत भूकंप धक्का ‘देत’ नाही, धक्का ‘बसतो’.

४/८ म्हणून जाणता उपसंपादक आधी पूर्ण मजकूर वाची, मग कागद बाजूला ठेवून लिही: ‘कोयना परिसराला काल पहाटे भूकंपाचा तीव्र धक्का बसला. अधिकृत सूत्रांच्या माहितीनुसार किमान शंभर जण ठार झाले आहेत.’ मृतांचा आकडा मथळ्यात जाई; त्यामुळे महत्त्वाची गोष्ट मागे पडत नसे.

५/८ येथे ‘आज’चे ‘काल’ झाले, कारण अंक मंगळवारी सकाळी वाचकाच्या हाती पडणार. ‘किमान’ आणि ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ मात्र राहिले. वाक्य सुटसुटीत करण्यासाठी ते गाळले असते, तर अपुरी माहिती ठाम सत्य ठरली असती.

६/८ सर्वांत घातक चूक एका साध्या शब्दात दडलेली असते. मृतांची संख्या वाढेल असा अंदाज सांगणाऱ्या इंग्रजी क्रियापदाला कोशात ‘अपेक्षा’ हा प्रतिशब्द सापडतो. पण ‘मृतांची संख्या वाढण्याची अपेक्षा आहे’ असे छापले, तर कोणी मरणाची वाट पाहत आहे असा भास होतो. तेथे ‘भीती’ हवी.

७/८ गावांच्या नावांत आणखी एक सापळा असे. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर. कोयनेकाठचे हेळवाक ठाऊक नसलेला माणूस सहज ‘हेलवाक’ लिहून जाई. दुरुस्ती शब्दकोशात नव्हे, नकाशात किंवा सातारच्या वार्ताहराकडे मिळे.

८/८ तारेतील प्रत्येक शब्द राखणे ही निष्ठा नव्हे. घटना, आकडा आणि सांगणारा कोण, या तिन्ही गोष्टी अबाधित राहिल्या पाहिजेत. वाक्याची रचना मात्र कोयनेच्या खोऱ्यात आपले माणूस शोधणाऱ्या वाचकाच्या भाषेतलीच हवी.