संशय जाऊ नये, तोच गुन्हेगार का?

फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या सेवेतील इंग्रज अधिकारी. जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातील सुरपूर संस्थानचा कारभार त्याने अनेक वर्षे पाहिला. ठगांवरील त्याची कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोली छावणीतील हरिसिंग नावाच्या सावकाराची हकिगत दिली आहे. हा सावकार प्रतिष्ठित होता. खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचे आहे, असे सांगून त्याने अधिकाऱ्याकडून परवाना मिळवला. प्रत्यक्षात ते कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते आणि तो ते घेऊन वाटेत होता. हरिसिंगाने त्याचा व त्याच्या माणसांचा खून केला, परवाना दाखवून माल हिंगोलीस आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच कबुली दिली, म्हणून हे उजेडात आले.

रहस्यकथेचा लेखक नेमक्या याच गोष्टीचा उपयोग करतो. प्रतिष्ठा, वय किंवा नेहमीचे काम यांमुळे माणूस संशयाच्या कक्षेबाहेर राहतो. चेस्टरटनच्या एका फादर ब्राऊन कथेत इमारतीत कोणीच शिरले नाही, असे पहारेकरी प्रामाणिकपणे सांगतात. टपालवाला मात्र त्यांच्या देखत आत गेलेला असतो. त्याला ‘कोणी’ म्हणून मोजावे, हे कुणाला सुचतच नाही.

दुसरे कारण कथेच्या रचनेत आहे. ज्याला हेतू, संधी आणि वाईट स्वभाव असे सारे पहिल्या प्रकरणातच लाभले आहे, तोच गुन्हेगार ठरला तर पुढची पाने व्यर्थ जातात. म्हणून लेखक त्याला आड उभा करतो आणि खरा गुन्हेगार त्याच्या सावलीत लपवतो. अगाथा ख्रिस्ती यांनी १९२६ मध्ये तर कथा सांगणाऱ्यालाच खुनी ठरवले.

या युक्तीला मर्यादाही आहे. वाचक सरावला की सर्वांत निरुपद्रवी पात्रावरच बोट ठेवतो. शिवाय ऐन शेवटी उपटलेला अनोळखी गुन्हेगार ही वाचकाची फसवणूक ठरते. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या नियमांत गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या आरंभीच यावा, अशी अट आहे.

त्यामुळे चांगल्या रहस्यकथेची कसोटी दुसऱ्या वाचनात लागते: खूण डोळ्यांसमोर होती का? हरिसिंगाच्या प्रकरणात ती होती. माल पोहोचला, पण तो घेऊन निघालेला व्यापारी पोहोचला नाही. परवान्यावरचे नाव आणि बेपत्ता माणूस यांची सांगड कुणी घातली असती, तर कबुलीची वाट पाहावी लागली नसती. परंतु सावकाराकडे परवाना आहे, एवढ्यावरच सर्वांचे समाधान झाले. जो कागद पुरावा ठरायचा, त्यानेच त्याला संशयापासून वाचवले.