बाइंड-बाउंड आणि बंधन-बद्ध: व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्रीच्या तक्त्यामागचा इतिहास

आजचा भाग त्या तक्त्याबद्दल आहे, जो इंग्रजी व्याकरणाच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी असतो. व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री. गो-वेंट-गॉन, सिंग-सॅंग-संग, फाइंड-फाउंड-फाउंड. तीन रकाने, दीडेकशे ओळी, आणि वर एकच सूचना: पाठ करा.

या तक्त्याची खरी अडचण त्याच्या क्रमात आहे. तो लावलेला असतो अक्षरानुक्रमे. त्यामुळे 'बाइंड' पहिल्या पानावर, 'फाइंड' दुसऱ्या आणि 'वाइंड' थेट शेवटच्या पानावर. तिघं सख्खे भाऊ, पण एकमेकांपासून इतके लांब बसवलेले की त्यांचे चेहरे जुळतात हे लक्षातच येत नाही. आज आपण त्यांना एका खोलीत आणू. आणि मग आणखी एक नातेवाईक दारात उभा राहील, तो चक्क संस्कृतमधून आलेला असेल.

सुरुवात सोप्या घराण्यापासून. हे मोठ्याने म्हणा: सिंग-सॅंग-संग, ड्रिंक-ड्रॅंक-ड्रंक, सिंक-सॅंक-संक, स्विम-स्वॅम-स्वम, बिगिन-बिगॅन-बिगन. आजूबाजूची व्यंजनं तशीच राहतात, फक्त मधला स्वर बदलतो. काळ दाखवायला मागे काहीही जोडलेलं नाही.

आता हजार वर्षं मागे जाऊ. जुन्या इंग्रजीत या क्रियापदांच्या भूतकाळात एक नव्हे, दोन स्वर होते. 'मी गायलो' म्हणताना 'सॅंग' किंवा 'सांग' असं काहीतरी, आणि 'आम्ही गायलो' म्हणताना 'सुंगॉन'. एकवचनाचा स्वर वेगळा, अनेकवचनाचा वेगळा. पुढे इंग्रजीने वचनाचा हा भेद टाकून दिला. मग प्रश्न आला, दोनपैकी ठेवायचा कुठला? काही क्रियापदांनी एकवचनाचा स्वर ठेवला, ती झाली सिंग-सॅंग. काहींनी दुसरा ठेवला, ती झाली क्लिंग-क्लंग, स्टिंग-स्टंग, स्पिन-स्पन. तक्त्यात ज्यांचे दुसरा आणि तिसरा रकाना सारखे दिसतात, त्यांच्या मागे ही वाटणी आहे. आणि ती अजून पुरती मिटलेली नाही. 1989 सालच्या त्या प्रसिद्ध सिनेमाचं नाव आठवा, 'हनी, आय श्रंक द किड्स'. पुस्तकी नियमाने तिथे 'श्रॅंक' हवं होतं. जुना भेद जिवंत पाहायचा असेल, तर 'वॉज' आणि 'वेअर' बघा. भूतकाळात वचन पाळणारं इंग्रजीतलं तेवढं एकच क्रियापद उरलंय.

मग फाइंड-फाउंडचं काय? हे तर सिंग-संगसारखं अजिबात वाटत नाही. पण मूळ रूपं बघा. जुन्या इंग्रजीत हे होतं 'फिंडन', आणि तिसऱ्या रकान्यात 'फुंडन'. सिंगन-सुंगन, फिंडन-फुंडन. तोच इ, तोच उ. एकाच गटातले.

ते वेगळे झाले कसे, हे टप्प्याटप्प्याने पाहू. नॉर्मन लोक 1066 मध्ये इंग्लंडवर चालून आले, त्याच्या आधीच्या शतकांत इंग्रजीत एक सवय लागली होती: न्ड, ल्ड, म्ब अशा जोड्यांच्या आधीचा ऱ्हस्व स्वर लांबवायचा. म्हणून फिंड झालं फीन्ड आणि फुंड झालं फून्ड. 'ङ्ग' आणि 'ङ्क' यांच्या आधी ही लांबी टिकली नाही, त्यामुळे सिंग आणि ड्रिंक ऱ्हस्वच राहिले. मग साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागचे हलले. अभ्यासक याला 'स्वरांचं महास्थलांतर' म्हणतात. दीर्घ ई गेली 'आइ'वर, दीर्घ ऊ गेला 'आउ'वर. फीन्ड झालं फाइंड, फून्ड झालं फाउंड. ऱ्हस्व स्वर या हलवाहलवीतून बऱ्यापैकी वाचले. फक्त सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये 'सुंग'मधला ऱ्हस्व उ आपल्या 'अ'च्या जवळ सरकला आणि 'संग' ऐकू यायला लागलं. उत्तर इंग्लंडमधली मंडळी आजही 'सुंग'च्या जवळचाच उच्चार करतात.

म्हणजे फाइंड-फाउंड, बाइंड-बाउंड, ग्राइंड-ग्राउंड, वाइंड-वाउंड ही चार वेगळी पाठांतरं नाहीत. ती सिंग-संगचीच लांबवलेली आवृत्ती आहे.

आता तो दारातला नातेवाईक. 'बाइंड' म्हणजे बांधणे, आणि संस्कृतात धातू आहे 'बन्ध्'. हा योगायोग नाही, दोन्ही एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. पण गंमत पुढे आहे. 'बंधन' म्हणताना न असतो. 'बद्ध' म्हणताना तो गायब! शाळेत सांगतात, क्त प्रत्यय लागला की असं होतं. का होतं? मूळ भाषेत धातूच्या मधोमध एक स्वर होता, साधारण 'भेन्ध्' असा. आघात शेवटच्या प्रत्ययावर गेला की मधला स्वर गळायचा, आणि उरलेल्या न् ला एकट्यालाच स्वराचं काम करावं लागायचं. अशा एकट्या पडलेल्या न् चा संस्कृतने केला 'अ', म्हणून बद्ध. इंग्रजीच्या पूर्वजांनी त्याचा केला 'उन', म्हणून 'बुंडन', म्हणजे आजचं बाउंड. बद्ध आणि बाउंड हे एकाच गळलेल्या स्वराचे दोन परिणाम आहेत.

आणि मग संस्कृतातलाही एक गट आपोआप सापडतो. हनन-हत, मनन-मत, गमन-गत. सगळीकडे अनुनासिक गेलं आणि अ उरला. (यातला 'गत' लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.)

युरोपातल्या अभ्यासकांना हे दिसलं, ते संस्कृत हाती आल्यावरच. 1786 मध्ये विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंमधलं आणि व्याकरणातलं साम्य योगायोगाचं असूच शकत नाही. 1816 मध्ये फ्रान्झ बॉपने संस्कृतची क्रियापदं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन कुळाच्या क्रियापदांशेजारी ठेवून एक पुस्तकच लिहिलं. त्यानंतर याकोब ग्रिम, हो, परीकथा गोळा करणारा तोच, त्याने 1819 पासून जर्मन कुळाचं मोठं व्याकरण छापायला घेतलं. आतला स्वर बदलून काळ दाखवणाऱ्यांना त्याने नाव दिलं 'सबळ' क्रियापदं, आणि मागे ड किंवा ट जोडावा लागतो त्यांना 'दुर्बळ'. मला हे नामकरण आवडतं, कारण पाठ्यपुस्तक ज्यांना 'अनियमित' म्हणून हिणवतं, त्यांना ग्रिम जुन्या घराण्याचा मान देतो.

पण तक्त्यात सगळेच सबळ नाहीत. कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, फील-फेल्ट, मीट-मेट, फीड-फेड बघा. कीपला मागे ट लागलाय, म्हणजे हे दुर्बळ, अगदी वॉक-वॉक्ड सारखंच. मग स्वर का बदलला? इथे कारण उलटं आहे. मुळात दोन्हीकडे एकच लांब ए होता: केऽप, केऽप्टे. पण प आणि ट लागून आले की लांब स्वर आखडायचा (न्ड, ल्ड यांच्या जोड्या तेवढ्या अपवाद). म्हणून केऽप लांबच राहिलं आणि केप्ट आखूड झालं. मग ते महास्थलांतर आलं. लांब ए झाला ई, म्हणून कीप. आखूड ए जागेवरच बसला, म्हणून केप्ट. भूतकाळाने काहीच केलं नाही, बदलला तो वर्तमानकाळ! हाइड-हिड आणि बाइट-बिट यांतही दीर्घ ई 'आइ' झाली आणि ऱ्हस्व इ तशीच राहिली. पुरावा हवा असेल तर कीपचं स्पेलिंग बघा. त्यात दोन 'ई' अक्षरं आहेत, म्हणजे लिहिणाऱ्याने लांब ए लिहिला होता. कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना आणला, पुढे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि उच्चार पुढे निघून गेला.

आता एक सावधगिरी. गट कळला म्हणून नवीन क्रियापदाचं रूप ओळखता येईल असं समजू नका. ब्रिंग दिसतो सिंगसारखा, पण त्याचं होतं ब्रॉट. ब्लिंक आणि लिंक सरळ इड लावून मोकळे होतात. नीडचं 'नेड' होत नाही. आणि माणसं पक्षही बदलतात. हेल्पचा भूतकाळ एकेकाळी स्वर बदलून व्हायचा, आज तो हेल्प्ड आहे. डिगचं उलटं झालं: जुनं रूप डिग्ड, आणि डग हे नंतर स्टिक-स्टक मंडळींच्या संगतीने आलं. 2007 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली होती, त्यांतली आज 98 अनियमित उरली आहेत. म्हणून वही करायची असेल तर आधी क्रियापद भेटू द्या, मग त्याला त्याच्या घराण्याच्या पानावर लिहा. उलट दिशेने गेलात तर 'ब्रॅंग' लिहून याल.

शेवटी राहिलं गो-वेंट. याला कुठल्या पानावर लिहायचं? वेंट हा गोचा भूतकाळ नव्हताच. 'वेंड' नावाचं वेगळं क्रियापद होतं, वळणे, वाट धरणे अशा अर्थाचं. त्याचा भूतकाळ वेंट. आता शेजारी ठेवा: सेंड-सेंट, लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट, बेंड-बेंट, वेंड-वेंट. गटात चपखल बसलं! गोचा स्वतःचा जुना भूतकाळ 'एओदे' मागे पडला आणि त्याची जागा वेंटने घेतली.

हसू नका, आपणही हेच केलंय. मराठीत 'जातो' म्हणतो आणि मग 'गेला' म्हणतो. ज कुठून आला, ग कुठून आला? जाणे आलं 'या' धातूपासून, 'याति' मधलं. आणि गेला आला 'गम्'पासून, म्हणजे त्या मघाच्या 'गत'पासून. प्राकृतात दोन स्वरांमधला त गळाला, उरलं 'गय', त्याला ल-प्रत्यय लागला आणि झालं गेला. कृत वरून केला, मृत वरून मेला, तेही याच वाटेने. केला-गेला-मेला हे आपलं सिंग-ड्रिंक-सिंक. 'झाला' कुठल्या घराण्यातला, ते शोधून कमेंटमध्ये लिहा. इशारा एवढाच, 'होणे'शी त्याचा रक्ताचा संबंध नाही.